'ल' लावू, 'ग्वो' लावू, की जागा कोरीच ठेवू?

*ताई, दोन वर्षं मँडरिन शिकतोय. आता मध्यम पातळीचे गाळलेल्या जागा भरायचे स्वाध्याय चालू आहेत आणि माझं घोडं 'ल' आणि 'ग्वो'वर अडलंय. नियम तोंडपाठ आहेत: क्रियापदाला लागून येणारा 'ल' म्हणजे झालेलं काम, 'ग्वो' म्हणजे अनुभव, वाक्याच्या शेवटचा 'ल' म्हणजे बदल. तरी निम्म्याहून जास्त जागा चुकतात. सरांना विचारलं तर म्हणतात, "कानाला बरोबर वाटेल ते भर." माझ्या कानाला सगळंच बरोबर वाटतं! एकाच क्रियापदापुढे एका वाक्यात 'ल' येतो आणि पुढच्याच वाक्यात काहीच येत नाही. नक्की काय बघून ठरवायचं?*
*– ल-पीडित, ठाणे*

नमस्कार ल-पीडित,

तुमच्या कानाला सगळं बरोबर वाटणारच, कारण कान मराठी आहे. आपला भूतकाळ 'ल'वरच चालतो: गेला, बसलो, खाल्लं, शिकले. त्यात चिनी 'ल' ऐकायलाही तसाच. मग 'काल' हा शब्द दिसला की हात आपोआप 'ल' भरतो. इंग्रजी माध्यमातून शिकणारेही ही चूक करतात, पण आपल्याला ती करायला आपली भाषाच मदत करते. चिनी क्रियापदाला काळच नसतो. 'काल' म्हटलं की काळ कळला, त्यासाठी क्रियापदाला काही चिकटवावं लागत नाही.

(उदाहरणं नागरीत लिहितेय, पिनयिनच्या जवळ राहून आणि टोन वगळून. तुम्ही वहीत चिनी अक्षरांत उतरवून घ्या.)

'ज्वोत्येन वो हन मांग', म्हणजे काल मी खूप कामात होते. इथे 'ल' नाही. 'श्याओ शीहोउ वो छांगछांग छ्यू नायनाय ज्या', म्हणजे लहानपणी मी नेहमी आजीकडे जायचे. इथेही नाही. दोन्ही गोष्टी कधीच होऊन गेल्या आहेत, तरी नाही. पहिल्या वाक्यात नुसती स्थिती आहे आणि दुसऱ्यात सवय. घडलेली एक घटना, जिला सुरुवात आणि शेवट आहे, अशी दोन्हींकडे नाही. म्हणून जागा भरण्याआधी ते वाक्य मनात मराठीत म्हणून बघा. क्रियापद 'होतो, होती, होतं' किंवा 'जायचो, खायची' असं आलं, तर बहुतेक वेळा जागा कोरी राहते. 'गेलो, खाल्लं' असं आलं, तरच पुढचा विचार करायचा. आपल्या मराठीत 'जायचे' आणि 'गेले' हे दोन वेगळे आहेत, त्याचा फायदा घ्या. तुमच्या पत्रातला एकदा 'ल' आणि एकदा काहीच नाही हा प्रकार बहुधा याच जातीचा असणार. पुस्तकं मुद्दाम एका वाक्यात 'मेय-त्येन' (रोज) किंवा 'छांगछांग' (नेहमी) घालतात आणि शेजारच्या वाक्यात तेच क्रियापद एकदाच घडवतात.

आता क्रियापदाला लागून येणारा 'ल'. 'झालेलं काम' ही त्याची व्याख्या मला अपुरी वाटते, कारण उद्याच्या वाक्यातही तो येतो. 'मिंगत्येन श्या ल क, वो छ्यू जाओ नी': उद्या तास संपला की मी तुझ्याकडे येते. तास अजून सुरूही झालेला नाही, तरी 'श्या'ला 'ल' आहे, कारण पुढची गोष्ट सुरू व्हायला ही आधी पुरी व्हायला हवी. हा 'ल' घटनेला कुंपण घालतो. कुंपण असतं म्हणजे दोनपैकी एक गोष्ट दिसायला हवी: घटनेचं माप, नाहीतर तिच्यामागून येणारी दुसरी घटना.

हे नीट समजायला पुस्तकं विकत घेण्याची तीन वाक्यं शेजारी ठेवा. 'वो माय ल सान बन शू', मी तीन पुस्तकं घेतली. माप आहे, वाक्य पुरं. 'वो माय ल शू', मी पुस्तकं घेतली... इथे ऐकणारा पुढे काय म्हणून तुमच्या तोंडाकडे बघत बसतो. व्याकरणाने चूक नाही, पण वाक्य लोंबकळतं. 'वो माय ल शू ज्यो ह्वेइ ज्या ल' म्हटलंत, म्हणजे पुस्तकं घेतली आणि लगेच घरी गेले, की ते जमिनीवर येतं. तिसरं 'वो माय शू ल'. 'ल' शेवटी गेला. आता ही बातमी झाली: मी पुस्तकं घेतली बरं का. हेही पुरं.

यातून स्वाध्यायाच्या कामाची गोष्ट निघते. जागेच्या मागे काय आहे यापेक्षा जागेच्या पुढे काय आहे ते आधी बघा. क्रियापदानंतर जागा आणि तिच्यापुढे संख्या, माप, मुदत असेल, तर क्रियापदाचा 'ल' जवळजवळ ठरलेला, आणि 'किती वेळा' असं असेल तर 'ग्वो'सुद्धा शक्य. पुढे स्वल्पविराम आणि 'ज्यो' किंवा 'जाय' असेल, तरी 'ल'. पुढे नुसतं उघडंबोडकं कर्म आणि मग पूर्णविराम असेल, तर 'ल'ला शेवटी जागा आहे का ते शोधा.

दोन क्रियापदं हातात हात घालून आली की मात्र लोक हमखास फसतात. 'वो छ्यू छाओशी माय ल हन दुओ दोंगशी', मी सुपरमार्केटला जाऊन बऱ्याच वस्तू आणल्या. जाणं हे आणण्यासाठीच होतं, त्यामुळे 'ल' शेवटच्या क्रियापदाला, 'छ्यू'ला नाही. मराठीत 'जाऊन आणल्या' म्हणतो तेव्हा आपणही पहिलं क्रियापद काळाविना सोडून देतो, तसंच. २०१० पासून चाललेल्या सहा पातळ्यांच्या एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेत चौथ्या पातळीला शब्द जुळवून वाक्य करायचे १० प्रश्न असतात. तिथे हा 'ल' कोणत्या क्रियापदाला द्यायचा यावर गुण जातात.

वाक्याच्या शेवटचा 'ल' मात्र वेगळाच प्राणी आहे. चिनी व्याकरणकार त्यांना 'ल-एक' आणि 'ल-दोन' म्हणूनच ओळखतात. हा निव्वळ पंडिती खटाटोप वाटत असेल तर हाँगकाँगकडे बघा: कँटोनीजमध्ये क्रियापदाला लागतो तो 'जॉ' आणि वाक्याच्या शेवटी येतो तो 'ला', दोन सरळ वेगळे शब्द. मँडरिनमध्ये दोन्हींचा उच्चार आणि अक्षर एकच झालं, म्हणून आपला गोंधळ.

शेवटच्या 'ल'ला 'बदल' म्हणतात, ते खरं आहे, पण 'कशात बदल' हे कोणी सांगत नाही. तो बदल बऱ्याचदा जगात नसतो, बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याच्या परिस्थितीत असतो. 'आत्ता, इथे, हे असं आहे, त्याची नोंद घे' असं तो म्हणतो. आणि इथे, गंमत म्हणजे, मराठी 'ल' खरोखर कामाला येतो. दारावर बेल वाजली की आपण आतून ओरडतो, "आले, आले!" अजून उठलेलोही नसतो. चिनी माणूस म्हणतो, "लाय ल!" पाहुणे उठताना "चला, निघालो" म्हणतात आणि अजून चपला घालायच्या असतात. तिकडे "जोउ ल". फोनवर समजल्याचं सांगताना आपण "कळलं", ते "जीदाओ ल". या जागी मराठी भूतकाळ काळ दाखवतच नाही, परिस्थिती बदलल्याचं जाहीर करतो. अशी 'आलो', 'निघालो', 'कळलं' छापाची वाक्यं दिसली की शेवटचा 'ल' निर्धास्त लावा.

मुदतीच्या वाक्यात हे दोन 'ल' एकत्र येतात आणि स्वाध्यायांचं ते आवडतं ठिकाण आहे. 'वो श्वे ल सान न्येन जोंगवन': मी तीन वर्षं चिनी शिकले. आता शिकते आहे की सोडलं, ते वाक्य सांगत नाही, पण बहुधा सोडलं असं ऐकणारा समजतो. 'वो श्वे ल सान न्येन जोंगवन ल': मला चिनी शिकायला लागून तीन वर्षं झाली. अजून चालू आहे. शेवटच्या 'ल'ने मुदत आजच्या दिवसाला आणून टेकवली. आपण मराठीत हा फरक 'शिकले' आणि 'तीन वर्षं झाली' असा दाखवतो. तुमच्या मराठी वाक्यात मुदतीनंतर 'झाली' किंवा 'झाले' येत असेल आणि काम चालू असेल, तर शेवटी 'ल' हवा. स्वाध्यायात याची खूण पुढच्या वाक्यात असते: 'अजून शिकायचंय' असं असेल तर दोन 'ल', 'मग कामाला लागले' असं असेल तर एक.

ठरलेल्या साच्यांवर मी वेळ घालवत नाही. 'ताय' (फारच) आला की शेवटी 'ल', 'क्वाय' (होतच आलंय) आला की शेवटी 'ल', 'ब्ये' (नको) म्हणून चालू असलेलं काम थांबवायचं असेल तरी शेवटी 'ल'. हे पाठ करा आणि सोडून द्या. उलट 'गांग' (नुकताच) क्रियापदाआधी दिसला तर 'ल' आवरा: 'ता गांग लाय', तो आत्ताच आला. 'गांग' आणि शेवटचा 'ल' यांचं जमत नाही.

'ग्वो'चं 'अनुभव' हे नाव मला फसवं वाटतं, कारण मग जे जे अनुभवलं तिथे तिथे 'ग्वो' भरावासा वाटतो. तो फक्त इतकंच सांगतो: असं निदान एकदा घडलंय आणि त्याचा परिणाम आता चालू नाही. आयुष्याच्या वहीतली जुनी, बंद झालेली नोंद म्हणा. 'ता छ्यू ल बेजिंग', तो बीजिंगला गेला, तिथेच असू शकेल. 'ता छ्यू ग्वो बेजिंग', तो बीजिंगला जाऊन आलेला आहे, आता तिथे नाही. पायाचं उदाहरण त्याहून लख्ख आहे. 'ता द त्वेइ द्वान ल' ऐकलंत तर रिक्षा बोलवा, पाय मोडलाय. 'ता द त्वेइ द्वान ग्वो' म्हणजे कधीतरी मोडला होता, आता बरा आहे. मग ज्याचा परिणाम कधीच उलटत नाही आणि जे पुन्हा घडत नाही, त्याला 'ग्वो' लागत नाही. मेलेल्या माणसाबद्दल 'स ग्वो' म्हणता येत नाही, जोवर तो परत उठून बसत नाही.

एक चुकीचा नियम मात्र खोडा. 'ठरावीक वेळ दिली असेल तर ग्वो येत नाही' असं बऱ्याच क्लासच्या टिपणांत असतं. 'शांग ग य्वे वो जाओ ग्वो ता ल्यांग त्सी', गेल्या महिन्यात मी त्याला दोनदा गाठायला गेले होते. वेळ दिलीय आणि वाक्य शुद्ध आहे. वहीतली नोंद गेल्या महिन्याच्या पानावर आहे, एवढंच. 'ग्वो' अडतो तो वेळेने नाही, गोष्ट पुढे सरकायला लागली की. काल हे केलं, मग ते केलं, मग तिकडे गेलो, अशी साखळी सुरू झाली की 'ग्वो' बाहेर आणि 'ल' आत.

दुसरी अडचण म्हणजे 'ग्वो'चं एक जुळं भावंड आहे. 'नी छी ग्वो स्छ्वान त्साय मा?' म्हणजे तू सिचुआनचं जेवण कधी खाल्लं आहेस का. पण 'नी छी ग्वो फान ल मा?' म्हणजे कधी आयुष्यात जेवलास का, असं नव्हे! जेवण आटोपलं का, एवढंच. रोज ठरलेलं, अपेक्षित काम उरकलं, असा हा 'ग्वो'. तो शेवटच्या 'ल'सोबत आनंदाने नांदतो आणि त्याच्या जागी क्रियापदाचा 'ल' घातला तरी अर्थ फारसा बदलत नाही. अनुभवाचा 'ग्वो' शेवटी 'ल' सहसा मागत नाही. म्हणून वाक्याच्या शेवटी 'ल' छापलेला दिसला आणि काम जेवण्या-आंघोळीसारखं रोजचं असेल, तर मधल्या जागी 'ग्वो' बघून दचकू नका.

नकार आला की सगळं एकदम सोपं होतं, आणि तरी मुलं इथेच गुण घालवतात. 'मेय' आल्यावर क्रियापदाचा 'ल' गळतो आणि 'ग्वो' टिकतो. गेलो नाही: 'मेय छ्यू'. कधी गेलेलो नाही: 'मेय छ्यू ग्वो'. म्हणजे जागेआधी 'मेय' दिसला तर क्रियापदाला लागून दोनच पर्याय, 'ग्वो' किंवा कोरी. 'त्सोंगलाय' (आजवर कधीच) सोबत असेल तर 'ग्वो'. शेवटचा 'ल' नकारातही जगतो, पण अर्थ सांभाळून. 'सान त्येन मेय छी फान ल', जेवून तीन दिवस झाले. मुदत आजपर्यंत आली म्हणून 'ल'. 'बू छ्यू ल', आता नाही जात, बेत बदलला. 'ज्वोत्येन मेय छ्यू ल' मात्र चूक, काल न जाण्यात कोणता बदल?

आता हे सगळं एका उताऱ्यावर लावून बघू. तुमच्या पातळीचा संवाद मीच रचला आहे. पर्याय चार: ल, ग्वो, द, कोरी. आधी हाताने कागद झाका आणि स्वतः भरा.

क: नी छ्यू (१) छंगदू मा?
ख: छ्यू (२) ल्यांग त्सी.
क: नी दी-यी त्सी शी शन्म शीहोउ छ्यू (३)?
ख: छ्येन-न्येन. ना त्सी वो जाय नार जू (४) यी ग य्वे, मेय-त्येन दोउ छ्यू गोंगय्वेन ह (५) छा. ह्वेइलाय द शीहोउ, वो पांग (६) वू गोंगजिन.
क: श्येनजाय न?
ख: श्येनजाय वो बू छी रोउ (७).
क: ना वोमन छ्यू छी फान बा.
ख: वो यीजिंग छी (८) फान (९). श्या (१०) क, वो पेइ नी छ्यू.

पहिली 'ग्वो'. क विचारतोय की छंगदूला कधी जाऊन आलायस का, आणि ख समोर बसलाय, म्हणजे तिथे नाही. दुसरीही 'ग्वो', कारण उत्तर प्रश्नाच्याच सुरात यायला हवं. 'छ्यू ल ल्यांग त्सी' व्याकरणाने चालतं, पण ते हिशोब देणाऱ्याचं वाक्य आहे, या आठवड्यात बँकेत दोनदा गेलो अशा थाटाचं.

तिसऱ्या जागेवर वर्ग हमखास 'ल' भरतो, आणि उत्तर असतं 'द'. जाणं घडलंय हे आता दोघांनाही माहीत आहे. विचारायचं आहे ते 'केव्हा'. घटना जुनी आणि तपशील नवा असला की 'शी... द' हा साचा येतो, आणि इथे 'शी' उघडपणे छापलेला आहे. जागेच्या बऱ्याच आधी आहे म्हणून नजरेतून सुटतो. केव्हा, कुठे, कसा, कोणाबरोबर असे प्रश्न दिसले की आधी 'शी' शोधा.

चौथी जागा खरी मजेची. एकटं वाक्य असतं तर 'जू ग्वो यी ग य्वे' अगदी चांगलं: मी तिथे एक महिना राहिलेलो आहे. पण इथे 'ना त्सी', म्हणजे 'त्या खेपेला' म्हणून गोष्ट सुरू झालीय आणि ती पुढे चहा आणि वजनाकडे चाललीय. साखळी सुरू, म्हणून 'ल'. पाचवी कोरी. 'मेय-त्येन' म्हणजे रोज, सवय. मराठीत 'रोज बागेत जाऊन चहा प्यायचो'. छंगदूच्या बागांतल्या चहाच्या बैठका प्रसिद्धच आहेत, तिथे महिनाभर राहून दुसरं काही करणं कठीण.

सहावी 'ल'. 'पांग' म्हणजे जाड, विशेषण आहे, पण पुढे पाच किलो हे माप आलं की ती घटना होते: पाच किलो वाढलो. माप जागेच्या पुढे आहे, तेवढं बघितलं तरी पुरे. सातवी शेवटचा 'ल', आणि ती 'श्येनजाय'वरून (आता) ओळखू येते. मांस खायचा, आता खात नाही. 'ल' काढलात तर वाक्य 'आता मांस खात नाही' इतकंच उरतं आणि आधी खायचा हे त्यातून निसटतं.

आठवी आणि नववी एकत्र सोडवा. 'यीजिंग' (आधीच) आणि जेवण, म्हणजे उरकलेलं रोजचं काम. नववी 'ल' पक्की, कारण ही बातमी क च्या आमंत्रणाला उत्तर आहे, आत्ताची परिस्थिती सांगते. आठवीत 'ग्वो' घाला किंवा 'ल', दोन्ही बरोबर. माझी पसंती 'ग्वो'ला, दोन 'ल' लागोपाठ कानाला थोडे टोचतात. दहावी 'ल', उद्याच्या तासाचं वाक्य आठवा. इथे 'ग्वो' भरून काहींना बरोबर वाटतं, कारण 'छी ग्वो फान' चालतं. 'श्या क'शी मात्र तो सहज बसत नाही.

आठव्या जागेसारखे प्रश्न तुमच्या पुस्तकातही नक्की असतील, जिथे दोन उत्तरं चालतात आणि उत्तरपत्रिकेत एकच छापलेलं असतं. त्यामुळे तुमच्या 'निम्म्याहून जास्त' चुकांपैकी काही चुकाच नसाव्यात. तपासताना नुसती लाल फुली मारू नका. छापलेलं उत्तर आणि तुमचं उत्तर, दोन्ही घालून पूर्ण वाक्य लिहा आणि प्रत्येकाखाली त्याचा मराठी अर्थ लिहा. दोन वेगळे मराठी अर्थ निघाले, तर उताऱ्यातला कोणता शब्द तुमचा अर्थ खोडतो तो शोधून त्याखाली रेघ मारा. 'मेय-त्येन', 'ना त्सी', 'शी', 'मेय', जागेपुढचं माप, पुढच्या वाक्यातला 'अजून', असा कुठला तरी सापडतोच. तो सापडला तर चूक तुमची. सगळा उतारा चाळूनही तसा शब्द सापडला नाही, किंवा दोन्हींखाली एकच मराठी वाक्य आलं, तर ते वाक्य वहीत वेगळं काढा आणि सरांना दाखवा. 'कानाला काय वाटतं' असं विचारू नका. 'माझ्या उत्तराने अर्थ कुठे बदलतो' असं विचारा. त्याचं उत्तर त्यांना देता येईल.

एकट्या, सुट्या वाक्यांचे स्वाध्याय सध्या बाजूला ठेवले तरी हरकत नाही. चौथी जागा सुटी असती तर सोडवताच आली नसती. संवाद आणि परिच्छेद घ्या, आणि पहिली जागा भरण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढा.

तुमची ताई